डिफ्युजन फिल्टर: वाइड शॉटमध्ये सुंदर प्रभा, क्लोजअपमध्ये मात्र धुके, असे का होते?

ब्लॅक मिस्ट जातीचा 1/4 क्षमतेचा डिफ्युजन फिल्टर लेन्सवर चढवून वाइड शॉट घेतला की दिव्यांभोवती हलकी प्रभा दिसते, चेहऱ्यावरचा डिजिटल कडकपणा कमी होतो आणि चित्र डोळ्यांना सुखावते. मग त्याच खोलीत, त्याच प्रकाशात, तोच फिल्टर 85 मिमी लेन्सवर लावून क्लोजअप घेतला की चित्र दुधाळ होते, काळे भाग राखाडी दिसू लागतात आणि संकलनाच्या वेळी हे दोन शॉट एकमेकांशेजारी ठेवले की ते वेगवेगळ्या दिवशी चित्रित केल्यासारखे वाटतात. ही तक्रार नव्याने फिल्टर वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडून ऐकू येते. मीही तिच्यात सापडलो होतो, आणि कारण समजण्याआधी दोन चुकीचे उपाय करून बसलो होतो.

प्रसंग असा होता. कोकणातल्या एका जुन्या घरात, देवघरात बसून ओव्या म्हणणाऱ्या एका आजींचे चित्रण करायचे होते. कॅमेरा फुल फ्रेम होता आणि आजींपासून साधारण दोन मीटरवर तिपाईवर उभा होता. आजींच्या उजव्या हाताला पितळी समई तेवत होती, आणि डाव्या बाजूला, थोडी मागे, अंगणाकडे उघडणारी लाकडी गजांची खिडकी होती. 24 मिमी लेन्सवर घेतलेला वाइड शॉट उत्तम आला. 85 मिमी लेन्सवरचा छातीपासून वरचा शॉट मॉनिटरवर पाहताच माझा मदतनीस म्हणाला, “दादा, फोकस गेलाय का?” फोकस गेला नव्हता. तरीही आजींच्या काळ्या शालीवर पिठाची चिमूट उधळल्यासारखे दिसत होते.

फोकस गेला आहे की फिल्टरमुळे तसे भासते आहे, हे आधी ठरवावे, कारण दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र मोठे करून भुवईचा किंवा कानाजवळचा एखादा सुटा केस पाहावा. फोकस गेला असेल तर केस स्वतःच पसरून जाड आणि फिकट झालेला असतो. फिल्टरचा परिणाम असेल तर केसाची रेघ आपल्या जागी स्पष्ट असते, फक्त तिच्यावर आणि तिच्या आजूबाजूला एक पातळ पांढुरका पडदा चढलेला असतो. फोकस पीकिंगच्या रंगीत रेषांवर मात्र अशा वेळी विसंबू नये, कारण पीकिंग कडांमधला फरक मोजते आणि फिल्टर नेमका तोच कमी करतो. त्यामुळे योग्य फोकसवरही रेषा क्षीण दिसतात आणि माणूस विनाकारण रिंग फिरवत बसतो.

माझी पहिली चूक अशी की मी समईला दोषी धरले. फ्रेममध्ये दिसणारा सर्वांत तेजस्वी बिंदू ज्योतीचा होता, म्हणून दोन वाती विझवून पाहिल्या, पण शालीवरचे पीठ तसेच राहिले. दुसरी चूक म्हणजे एक्सपोजर अर्धा स्टॉप खाली आणले. त्याने सगळे चित्र सारखेच काळवंडले आणि काळ्यापांढऱ्यातले गुणोत्तर होते तिथेच राहिले. हे तसे होणारच होते, कारण फिल्टर लेन्सच्या पुढे बसलेला असतो आणि तो आपल्याकडे येणाऱ्या प्रकाशाचा ठरावीक हिस्सा विखुरतो. आयरिस बंद केल्याने मूळ प्रकाश आणि विखुरलेला प्रकाश दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी होतात.

खरे कारण समजून घेण्यासाठी फिल्टरच्या काचेत काय घडते ते पाहावे लागते. काचेत अतिसूक्ष्म कण पसरलेले असतात. बहुतांश प्रकाश सरळ पार जातो आणि थोडा प्रकाश या कणांवरून किंचित वळून जातो. या वळलेल्या प्रकाशामुळे तेजस्वी वस्तूभोवती वलय तयार होते. ‘ब्लॅक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकारांत काळे ठिपकेही असतात. ते काही प्रकाश शोषून घेतात, त्यामुळे साध्या पांढऱ्या मिस्ट फिल्टरपेक्षा त्यांत चित्राचा काळेपणा बराच टिकतो. मात्र तो बराच टिकतो, पूर्ण टिकत नाही, हे लक्षात ठेवावे.

महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. प्रकाश किती कोनातून वळेल हे काचेवर ठरते, लेन्सवर नाही. समजा वलयाचा डोळ्यांत भरणारा भाग तेजस्वी वस्तूपासून तीन अंशांपर्यंत पसरतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 24 मिमी लेन्स आडवे सुमारे 74 अंश पाहते, त्यामुळे तिच्या सेन्सरवर हे तीन अंश साधारण सव्वा मिलिमीटर व्यापतात, म्हणजे 36 मिमी रुंदीच्या साडेतीन टक्के. 85 मिमी लेन्स सुमारे 24 अंशच पाहते. तेच तीन अंश तिथे साडेचार मिलिमीटरच्या आसपास भरतात, म्हणजे फ्रेमच्या रुंदीचा आठवा भाग. फिल्टर तोच, वलयही तेच, पण वाइड शॉटमध्ये जे खिडकीच्या चौकटीला लागून संपत होते ते क्लोजअपमध्ये गाल आणि खांदा झाकून टाकते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. लांब लेन्स फिल्टरचा परिणाम ‘वाढवते’ असे सरसकट म्हटले जाते. कॅमेरा जागचा न हलवता लेन्स बदलली, तर 85 मिमीचे चित्र म्हणजे व्यवहारात 24 मिमीच्या चित्राचा कापून मोठा केलेला मधला तुकडा असतो. वस्तूच्या मानाने वलय वाढलेले नसते, प्रेक्षकाच्या पडद्याच्या मानाने वाढलेले असते. परंतु चेहऱ्याचा आकार तेवढाच ठेवून कॅमेरा मागे नेला आणि लांब लेन्स लावली, तर चेहरा कमी अंशांत मावतो आणि तीन अंशांचे वलय चेहऱ्याच्या मानानेही खरोखर मोठे होते. म्हणून लग्नाच्या चित्रणात मंडपाच्या टोकाला उभे राहून 200 मिमीवर टिपलेल्या नवरीवर 1/4 फिल्टर बटर पेपर लावल्यासारखा दिसतो आणि जवळून 35 मिमीवर तोच फिल्टर जेमतेम जाणवतो. झूम लेन्सवर शॉट चालू असताना झूम केले तर हा फरक शॉटच्या आतच उघडा पडतो.

आता त्या देवघराकडे परत येऊ. वाइड शॉटमध्ये खिडकी फ्रेमच्या आत, आजींच्या डाव्या बाजूला होती. अंगणातला उजेड तिथे जळून पांढरा झालेला दिसत होता, त्यामुळे तिच्या भोवतीची प्रभा स्वाभाविक वाटत होती. क्लोजअपमध्ये तीच खिडकी फ्रेमच्या कडेबाहेर, अगदी दोन अंशांवर गेली होती. खिडकी दिसेनाशी झाली, पण तिच्या वलयाचा बाहेरचा भाग अजूनही आजींच्या डाव्या खांद्यावर पडत होता. शिवाय खिडकीचा प्रकाश थेट फिल्टरच्या काचेवर पडत असल्यामुळे त्याचा आणखी थोडा अंश बराच जास्त वळून सगळ्या फ्रेमवर पसरत होता. समईची ज्योत तेजस्वी असली तरी बोटभर असते. उन्हातल्या अंगणाने भरलेली दोन हात रुंद खिडकी तिच्या कितीतरी पट अधिक प्रकाश काचेवर टाकते. दोष डोळ्यांसमोरच्या दिव्याचा नव्हता, फ्रेमबाहेरच्या उजेडाचा होता.

हे तपासण्याची कसोटी सोपी आहे आणि तिला पाच मिनिटेही लागत नाहीत. एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने बांधून ठेवावेत आणि दहा-दहा सेकंदांचे तीन शॉट घ्यावेत: पहिला फिल्टरशिवाय, दुसरा फिल्टर लावून, आणि तिसरा फिल्टर लावून पण संशयित उजेड आणि काच यांच्यामध्ये काळा पुठ्ठा धरून. मग तिन्हींत एकाच काळ्या जागेची पातळी वेव्हफॉर्मवर, म्हणजे चित्राचे तेज 0 ते 100 अशा पातळीत दाखवणाऱ्या आलेखावर, पाहावी. आमच्या प्रसंगात शालीची घडी फिल्टरशिवाय 5 च्या आसपास होती, फिल्टर लावल्यावर ती 16 वर चढली आणि पुठ्ठा धरताच 9 वर उतरली. ही आकडेवारी साध्या रेक. 709 चित्राची आहे. लॉगमध्ये चित्रित करत असाल तर काळा मुळातच वर उचललेला असतो, त्यामुळे रूपांतराचा LUT लावूनच मोजावे, नाहीतर निष्कर्ष फसतो.

तिसऱ्या शॉटमध्ये काळा लक्षणीय खाली आला तर दोष बाहेरच्या प्रकाशाचा आहे आणि उपाय फिल्टर बदलण्याचा नाही, आडोशाचा आहे. सेटवर ज्याला कटर म्हणतात तो काळा कापडी चौकोन स्टँडवर लावावा, आणि तो नसेल तर काळा कार्डशीटही चालतो. लेन्सचा हूड असला तरी तो बहुधा अपुरा पडतो, कारण दोन-चार अंश बाहेरचा उजेड अडवण्याइतका तो लांब नसतो. कटर लावताना एक अडचण येते. 85 मिमी लेन्स f/2 वर असेल तर प्रकाश आत घेणारे तिचे तोंड सुमारे 42 मिमी रुंदीचे असते. त्यामुळे लेन्सजवळ धरलेल्या पुठ्ठ्याची कड स्पष्ट न दिसता फ्रेमच्या बाजूला एक मऊ सावली होऊन सरकते आणि छोट्या पडद्यावर ती लक्षात येत नाही. म्हणून कटर लेन्सला चिकटून न धरता शक्य तितका खिडकीच्या बाजूला न्यावा आणि चित्राच्या त्या बाजूचा उजेड कमी झाला नाही ना, हे वेव्हफॉर्मवरच पाहावे.

तिसऱ्या शॉटनेही फरक पडला नाही, तर तेजस्वी वस्तू फ्रेमच्या आतच आहे आणि तिला पुठ्ठ्याने झाकता येणार नाही. अशा वेळी तिचे तेज कमी करावे: खिडकीला बाहेरून पातळ काळी जाळी किंवा एनडी जेल लावावे, किंवा बसण्याची जागा अशी बदलावी की खिडकी चेहऱ्याच्या मागून निघून बाजूला जाईल. चेहऱ्यावरचा प्रकाश वाढवून एक्सपोजर खाली आणणे हाही त्याचाच दुसरा मार्ग आहे, कारण धुके किती दिसेल हे खिडकी आणि चेहरा यांच्या तेजातल्या अंतरावर अवलंबून असते. मिस्ट फिल्टर वापरणाऱ्याने प्रकाशयोजना फिल्टरशिवाय करू नये असे माझे मत आहे. फिल्टर शेवटी चढवण्याचा अलंकार समजला की हे सगळे घोटाळे सुरू होतात.

आडोसा करूनही आमच्या चित्रात शाल 9 वरच राहिली, 5 वर आली नाही. उरलेला परिणाम फिल्टरचा न्याय्य हिस्सा होता, फक्त 85 मिमीसाठी तो जरा जास्त होता. इथे क्षमता उतरवावी लागते. बाजारात 1/8, 1/4, 1/2, 1 अशी चढती क्षमता मिळते आणि माझा ठोकताळा असा की फोकल लेंथ दुप्पट झाली की एक पायरी खाली यावे. 24 मिमीवर 1/4 आवडत असेल तर 50 मिमीवर 1/8 घ्यावा. 85 च्या पुढे 1/8 सुद्धा जड वाटला तर फिल्टर काढून टाकण्यात कमीपणा नाही. फिल्टर घेताना मात्र एकाच कंपनीची, एकाच मालिकेची पट्टी घ्यावी. टिफेनच्या ब्लॅक प्रो-मिस्टमध्ये 1/8 आणि 1/4 असतात, त्याच कंपनीच्या ग्लिमरग्लासला 1, 2, 3 असे क्रमांक असतात, आणि दोन कंपन्यांचे 1/4 एकमेकांशी जुळतीलच असे नाही. दोन कॅमेऱ्यांवर दोन वेगळ्या कंपन्यांचे 1/4 लावले तर वर सांगितलेली सगळी काळजी घेऊनही चित्रे जुळणार नाहीत.

या मुख्य दोषाच्या शेजारीच तीन लहान दोष उभे असतात आणि ते एकाच वेळी दिसले की निदान चुकते, म्हणून त्यांचीही ओळख करून देतो.

पहिला कॅमेऱ्याच्या आतल्या शार्पनिंगचा. फिल्टर सेन्सरच्या आधी काम करतो आणि शार्पनिंग सेन्सरनंतर, त्यामुळे कडांभोवती कॅमेऱ्याने काढलेली कृत्रिम रेघ फिल्टर पुसू शकत नाही. उलट माणूस तो कडकपणा जावा म्हणून आणखी जड फिल्टर लावतो आणि धुक्याच्या आत कडक रेघा असे विचित्र मिश्रण तयार होते. आधी ही मात्रा कमी करावी. उदाहरणार्थ, सोनीच्या कॅमेऱ्यांत Picture Profile मधल्या Detail खाली Level −7 पर्यंत खाली नेता येते. पुष्कळांना त्यानंतर 1/8 पुरतो.

दुसरा दोष भुताचा. समईच्या ज्योतीसारखा बिंदू काळ्या पार्श्वभूमीवर असला की फ्रेमच्या मध्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला त्याची फिकट, बहुधा हिरवट, उलटी प्रतिमा तरंगताना दिसते. हे फिल्टरच्या कणांचे काम नाही. लेन्स आणि सेन्सरवरून परतलेला प्रकाश फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत येतो, इतकेच त्याचे कारण. कॅमेरा थोडा डावीकडे वळवला की ज्योत उजवीकडे आणि भूत डावीकडे सरकते, यावरून ते ओळखावे. मॅट बॉक्स असेल तर फिल्टरचा ट्रे काही अंश तिरका करावा. पेचाचा फिल्टर तिरका होत नाही, म्हणून त्याच्या जोडीला असलेला यूव्ही फिल्टर काढावा आणि ज्योत मध्यापासून अशी हलवावी की भूत एखाद्या उजळ जागेवर पडून दिसेनासे होईल.

तिसरा दोष आयरिसचा. वाइड लेन्स फार बंद केली की फिल्टरची काच फोकसच्या जवळ येते आणि प्रकाश तिच्या अगदी लहान भागातून जातो: 24 मिमी लेन्स f/8 वर फक्त तीन मिलिमीटर. मग पार्श्वभूमीतल्या दिव्यांच्या चकत्यांमध्ये ठिपक्यांची नक्षी उमटते आणि काचेवरची धूळही दिसू लागते. उन्हात एनडी फिल्टर न वापरता आयरिस बंद करणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. आयरिस f/4 च्या आसपास ठेवावी आणि जास्तीचा उजेड एनडीने कमी करावा.

चित्रीकरण होऊन गेले असेल आणि शॉट जुळत नसतील तर काय करावे, हा प्रश्न उरतो. दुधाळ शॉटमधून दूध काढण्याचा मोह होतो. काळे खाली ओढून आणि कॉन्ट्रास्ट वाढवून शाल काळी करता येते, पण वलयाचा आकार तसाच राहतो आणि सावलीतला नॉइज वर येतो. धुके सगळीकडे सारखे नसते, खिडकीच्या बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ असते, त्यामुळे एका सरसकट दुरुस्तीने एक खांदा बरोबर होतो आणि दुसरा काळाठिक्कर पडतो. मऊ कडेचा मास्क काढून फक्त खिडकीच्या बाजूचे काळे खाली आणावेत आणि उरलेली तफावत दुसऱ्या शॉटने भरून काढावी, म्हणजे कमी प्रभेच्या वाइड शॉटला थोडी प्रभा जोडावी. त्यासाठी हायलाइटचा भाग निवडून, तो ब्लर करून, मूळ चित्रावर स्क्रीन पद्धतीने अगदी कमी मात्रेत चढवावा.

मात्र संगणकावरची प्रभा खऱ्या फिल्टरची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही, आणि त्याचे कारण याच चित्रात दिसले. खिडकीतले अंगण आणि खिडकीची पांढरी रंगवलेली चौकट दोन्ही सेन्सरवर जळून सारख्याच पांढऱ्या नोंदल्या गेल्या होत्या. प्रत्यक्षात अंगण चौकटीपेक्षा कितीतरी अधिक तेजस्वी होते आणि फिल्टरने त्या खऱ्या तेजाच्या प्रमाणात प्रभा दिली होती. संगणकाला मात्र दोन्ही सारखेच पांढरे दिसतात, म्हणून तो चौकटीलाही अंगणाइतकीच प्रभा देतो आणि चौकट पेटल्यासारखी दिसते. मला चौकटीवर मास्क काढून तिला प्रभेतून वगळावे लागले. एका शॉटसाठी हे चालते, चाळीस शॉटसाठी नाही.

दुसऱ्या दिवशी आजींनी पुन्हा बसायची तयारी दाखवली म्हणून क्लोजअप नव्याने घेतला. कॅमेरा तिथेच, लेन्स 85 मिमी, आयरिस f/2.8, फिल्टर 1/8, खिडकीच्या बाजूला अंगणातून बांधलेली काळी ताडपत्री, आणि समई आदल्या दिवसापेक्षा वीतभर पुढे, म्हणजे तिचे भूत आजींच्या पांढऱ्या केसांवर पडून हरवून जाईल अशा जागी. शालीची घडी वेव्हफॉर्मवर 7 वर आली. वाइड शॉटमधली तीच घडी 7 ते 8 च्या मध्ये होती, त्यामुळे दोन्ही शॉट कोणतीही दुरुस्ती न करता शेजारी लागले.